बेल्टला हात शेवटी

थ्रीडी प्रिंटरवर 30 मिलिमीटर व्यासाची एक साधी चकती छापावी, गार झाल्यावर चिमटीत धरावी आणि कडेवरून बोट फिरवावं. प्रिंटर धड असेल तर बोटाला काही जाणवत नाही. धड नसेल तर समोरच्या आणि मागच्या कडेला गोलाई किंचित दबलेली लागते, जणू तिथे कुणी कानस एकदा घासून घेतली आहे. डोळ्यांना हे पटकन दिसत नाही. पण त्याच प्रिंटरवर दोन दातेरी चाकं छापून एकमेकांत बसवायला गेलात की लगेच कळतं: ती एका जागी अडकतात आणि दुसऱ्या जागी खुळखुळतात.

अशा वेळी सल्ला ठरलेला असतो, बेल्ट टाईट कर. सल्ला अगदीच चुकीचा नाही, पण त्याची जागा चुकते. बेल्टचा ताण ही या यंत्रातली सगळ्यात शेवटी लावायची गोष्ट आहे. त्याआधी चाकं, रेल आणि पुली तपासल्या नाहीत तर ताण वाढवून दोष झाकला जातो, आणि काही महिन्यांनी मोटरची किंवा पुलीची बेअरिंग आवाज करू लागतात. आठवड्यातून एकदाच चालणाऱ्या प्रिंटरला हे जास्त लागू पडतं, कारण त्याची झीज कमी असते आणि बिघाड बहुतेक वेळा सैल झालेल्या, सुकलेल्या किंवा धूळ धरलेल्या भागात असतो.

मी बोलतो आहे तो प्रिंटर आपल्याकडे सगळ्यात जास्त दिसणारा. प्लास्टिकची तार वितळवून थरावर थर देणारा, ज्याचा बेड पुढे-मागे सरकतो, नॉझल डावी-उजवीकडे जाते आणि आडवा दांडा हळूहळू वर चढतो. बेडच्या पुढे-मागे सरकण्याला Y, नॉझलच्या डाव्या-उजव्याला X आणि उंचीला Z म्हणतात. अटल टिंकरिंग लॅब असलेल्या शाळांमध्ये आणि घरी छंद म्हणून घेतलेल्यांकडे सहसा याच घडणीचे प्रिंटर असतात. शाळेत तर तो बहुधा शनिवारच्या तासालाच सुरू होतो.

X आणि Y हे दोन्ही अक्ष बेल्टवर चालतात. बेल्ट रबराचा, 6 मिलिमीटर रुंद, आतल्या बाजूला दर 2 मिलिमीटरवर एक दाता, आणि पोटात काचतंतूंचे बारीक दोर. रबर पकड देतं आणि दोर त्याला लांबू देत नाहीत. हा दातेरी पट्टा 1940 च्या दशकात अमेरिकेत शिलाई मशीनसाठी तयार झाला, सुई आणि खालचा हुक यांचा मेळ कधीच सुटू नये म्हणून. प्रिंटरमध्येही त्याचं काम तेच आहे. मोटरच्या पुलीला 20 दाते असतात, म्हणून पुलीचा एक फेरा म्हणजे बेल्टची बरोबर 40 मिलिमीटर चाल. मोटर एका फेऱ्यात 200 पावलं टाकते, म्हणजे एक पाऊल 0.2 मिलिमीटरचं. प्रत्येक पावलाचे विजेच्या साहाय्याने 16 तुकडे केले की एका मिलिमीटरला 80 तुकडे येतात. मेन्यूमध्ये दिसणारा 80 हा आकडा तिथून आलेला आहे. तो दात्यांच्या हिशेबातून निघतो, बेल्ट सैल झाला म्हणून बदलत नाही. हे लक्षात ठेवावं, कारण पुढे याच आकड्याशी लोक खेळ करतात.

बेल्ट किंवा त्याच्या वाटेतला एखादा भाग सैल असेल तर काय होतं? बेड एकाच दिशेने जात असताना काहीच होत नाही, कारण सगळं एका बाजूला ओढलेलं असतं. दोष दिसतो तो दिशा बदलताना. मोटर उलटी फिरते, पण पहिला थोडा भाग नुसता सैलपणा भरून काढण्यात जातो आणि बेड जागेवरच उभा राहतो. चकतीच्या समोरच्या आणि मागच्या टोकाला Y ची दिशा उलटते, म्हणून दबलेपणा नेमका तिथेच येतो. X सैल असता तर तो डाव्या-उजव्या कडेला आला असता. म्हणजे कुठला अक्ष बिघडला आहे हे चकतीच सांगते. फक्त ती बेडवरून काढण्याआधी वरच्या पृष्ठावर मार्करने पुढच्या दिशेला एक बाण काढून ठेवायला हवा.

एका शाळेतल्या प्रिंटरचं उदाहरण देतो. उन्हाळ्याची सुट्टी संपली, जूनमध्ये लॅब उघडली, आणि नववीच्या मुलांनी छापलेली दातेरी चाकं बसेनात. आम्ही दोन चकत्या छापल्या, एक 30 ची आणि एक 90 ची. व्हर्नियरने मोजल्यावर लहान चकती X दिशेत 29.9 आणि Y दिशेत 29.6 भरली. मोठी X मध्ये 89.8 आणि Y मध्ये 89.5. दोन चकत्या मुद्दाम छापल्या होत्या. चकती तिप्पट मोठी झाली तरी X आणि Y मधला फरक 0.3 च राहिला. चालीच्या हिशेबात चूक असती, म्हणजे मिलिमीटरमागच्या तुकड्यांचा आकडा चुकीचा असता, तर मोठ्या चकतीत फरकही तिप्पट झाला असता. फरक तेवढाच राहतो याचा अर्थ कुठेतरी ठरावीक सैलपणा आहे आणि तो दिशा बदलताना एकदाच वजा होतो. X मध्ये जे 0.1 आणि 0.2 कमी आहेत ते मात्र आकाराबरोबर वाढलेले दिसतात. त्यात प्लास्टिकच्या आकसण्याचा वाटा असतो, आणि चाकांसाठी ते चालून जातं.

विज्ञानाच्या सरांनी विचारलं, ‘मेन्यूत 80 च्या जागी थोडं जास्त टाकलं तर?’ हा मोह सगळ्यांनाच होतो. 29.6 चे 30 करायला तो आकडा सुमारे 81.08 करावा लागला असता, आणि मग मोठी चकती 90.7 भरली असती. लहान वस्तू बरोबर आणि मोठी चूक, असा प्रिंटर आधीच्यापेक्षा वाईट. आकडा 80 वरच ठेवला.

मग वीज बंद करून बेड हाताने हळूहळू पुढे-मागे ढकलला. हळूहळू हे महत्त्वाचं आहे. बेड जोरात ढकलला तर मोटरच जनित्र बनते आणि उलटी वीज बोर्डात शिरते. बंद प्रिंटरची स्क्रीन अशा वेळी क्षणभर उजळलेली तुम्ही पाहिली असेल. पूर्ण लांबीवर बेड एकसारखा जातो की मध्येच जड होतो, कुठे खडखडतो, हे हाताला समजतं. नंतर बेडचे दोन कोपरे धरून तो किंचित हलवून पाहिला. टक, टक असा बारीक आवाज आला. बेल्ट कितीही ओढला तरी हा आवाज गेला नसता, कारण तो चाकांचा होता.

या प्रकारच्या प्रिंटरमध्ये बेड ॲल्युमिनियमच्या खाचेतून प्लास्टिकच्या चाकांवर धावतो. एका बाजूची चाकं पक्की असतात. दुसऱ्या बाजूच्या चाकांना एक्सेंट्रिक नट असतो, म्हणजे ज्याचं भोक मध्यावर नसतं असा नट. तो फिरवला की चाक खाचेकडे सरकतं किंवा दूर जातं. तपासणी अगदी सोपी आहे. एका हाताने बेड पक्का धरायचा आणि दुसऱ्या हाताच्या बोटाने प्रत्येक चाक जागच्या जागी फिरवून पाहायचं. चाक थोडा जोर लावल्यावर घसरत फिरलं तर ठीक. सहज गरगर फिरलं तर ते खाचेला टेकतच नाही. बोटाने फिरतच नसेल तर फार आवळलेलं आहे. वर्गातल्या एका मुलीच्या बोटाखाली मागचं एक चाक मोकळं फिरलं. नट पाव फेऱ्यापेक्षाही कमी वळवला आणि टक आवाज बंद झाला. या नटाशी एवढ्याच मापाने खेळावं. जास्त आवळलं आणि यंत्र महिनाभर तसंच उभं राहिलं, तर चाकाचा खाचेला टेकलेला भाग दबून सपाट होतो. मग बेड सरकताना ठरावीक अंतराने धक्का बसतो आणि छापलेल्या भिंतीवर तसेच पट्टे उमटतात. असं चाक बदलण्याशिवाय इलाज नाही. सुट्टीत बंद राहणाऱ्या प्रिंटरला हा धोका रोज चालणाऱ्यापेक्षा जास्त असतो.

त्यानंतर पुली. मोटरच्या दांड्याची एक बाजू सपाट घासलेली असते, आणि पुलीला दोन बारीक ग्रब स्क्रू असतात. त्यातला एक नेमका त्या सपाट बाजूवर बसायला हवा. तो गोल भागावर बसला असेल तर सुरुवातीला धरतो, मग रोजच्या उलटसुलट झटक्यांनी हळूहळू सुटतो, आणि पुली दांड्यावर केसभर हलू लागते. लक्षणं हुबेहूब सैल बेल्टची. म्हणून तपासणीसाठी पुली आणि दांडा यांच्यावरून मिळून पांढऱ्या मार्करची एक रेघ ओढून ठेवावी. पुढे कधीही रेघ तुटलेली दिसली तर पुली सरकली आहे. आमच्या प्रिंटरवर रेघ नव्हती. बेड धरून पुली बोटांनी हलवली तर ती दांड्यापेक्षा थोडी जास्त फिरत होती. स्क्रू सैल करून पुली फिरवली, एक स्क्रू सपाट बाजूवर आणला, ॲलन कीने आवळला, मग दुसरा.

बेल्टला अजून हात लावलेला नव्हता. तरीही पुन्हा 30 ची चकती छापली तेव्हा Y माप 29.8 आलं. 0.3 मधले 0.2 चाक आणि पुली यांचेच होते. सुरुवातीलाच बेल्ट ओढला असता तर हे दोन्ही दोष आत तसेच राहिले असते.

आता बेल्ट. ताण बोटाने दाबून पाहायची पद्धत आहे, पण एकाचं बोट आणि दुसऱ्याचं बोट जुळत नाही, आणि सहा महिन्यांपूर्वी किती दाबलं होतं ते कुणालाच आठवत नाही. बेल्ट तारेसारखा छेडून त्याचा सूर ऐकणं जास्त भरवशाचं. तार जेवढी ताणलेली तेवढा सूर चढा, आणि जेवढी लांब तेवढा उतरता, हे तंबोरा लावणाऱ्याला सांगायला नको. व्होरॉन या खुल्या आराखड्याच्या प्रिंटरच्या माहितीपुस्तिकेत 150 मिलिमीटर मोकळ्या लांबीला 110 हर्ट्झ हा आकडा दिला आहे. 6 मिलिमीटर रुंदीच्या या बेल्टसाठी तो ताण साधारण 8 ते 9 न्यूटन भरतो, म्हणजे बेल्टच्या टोकाला किलोपेक्षा थोडं कमी वजन टांगल्याइतका. तुमच्या प्रिंटरच्या कंपनीने स्वतःचा आकडा दिला असेल तर तोच धरावा. नसेल तर सुरुवात करायला हा चांगला आहे.

गफलत होते ती लांबीत. 110 हा आकडा 150 मिलिमीटरचाच आहे. लांबी वेगळी असेल तर 16500 ला मिलिमीटरमधल्या लांबीने भागावं, जे येईल तेवढे हर्ट्झ हवेत. आमच्या प्रिंटरचा बेड पूर्ण पुढे आणला, तेव्हा बेडच्या क्लॅम्पपासून मागच्या पुलीपर्यंत 200 मिलिमीटर बेल्ट मोकळा मिळाला. 16500 भागिले 200, म्हणजे 82 किंवा 83 हर्ट्झ. फोनवर कंपनसंख्या दाखवणारं मोफत ॲप उघडलं, माइक बेल्टजवळ नेला आणि बेल्ट मध्यावर हलकेच छेडला. आकडा आला 62. हा तीन चतुर्थांश सूर झाला, पण ताण तीन चतुर्थांश नाही. ताण कंपनसंख्येच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून तो जेमतेम 56 टक्के उरला होता. थोडासा उतरलेला सूर म्हणजे बराच उतरलेला ताण, हे मोजताना ध्यानात ठेवावं. आणखी एक अडचण: फोनचा माइक खालच्या सुरांना कच्चा असतो. लांबी 300 मिलिमीटर असेल तर 55 हर्ट्झ ऐकावे लागतात आणि ॲप भलतंच काहीतरी दाखवतं, बहुतेकदा त्याच्या दुप्पट. म्हणून बेड सरकवून मोकळी लांबी 150 ते 200 च्या आसपास आणून मोजावं.

नव्या प्रिंटरना बेल्ट ओढायला टोकाला घुंडी असते, जुन्यांना पुलीचा कंस दोन स्क्रूंनी आवळलेला असतो. कंसवाल्यात स्क्रू अर्धवट सैल करायचे, कंस ओढून धरायचा आणि आवळायचा. दोन माणसं असली तर बरं. ओढून झाल्यावर लगेच मोजू नये. बेड पाच-सहा वेळा टोकापासून टोकापर्यंत फिरवावा, म्हणजे पुलीच्या दोन्ही बाजूंना ताण सारखा वाटला जातो, आणि मग छेडून पाहावं. 82 आल्यावर आम्ही थांबलो. चकतीचं Y माप 29.9 झालं, X च्या बरोबरीला आलं, आणि मुलांची चाकं फिरली.

इथे थांबणं हेही एक काम आहे. आणखी ओढला तर आणखी बरं होत नाही. जास्त ताणाने मोटरच्या दांड्यावर आणि टोकाच्या छोट्या बेअरिंगवर सतत बाजूने ओढ बसते, बेड जड होतो, आणि वेगात वळण घेताना मोटर पाऊल चुकते. मग वस्तूचा वरचा अर्धा भाग एकदम बाजूला सरकलेला निघतो. हे सरकणं बेल्टचा दाता उडाल्यानेही होतं आणि मोटर चुकल्यानेही होतं, पण दोन्ही ओळखता येतात. दाता उडाला तर सरकण्याचं माप 2 मिलिमीटरच्या पटीत येतं. मोटर चुकते ती चार पूर्ण पावलांच्या गठ्ठ्याने, म्हणजे 0.8 च्या पटीत: 0.8, 1.6, 2.4. व्हर्नियरने सरकलेली पायरी मोजा. 2 आली तर बेल्ट सैल आहे. 0.8 किंवा 1.6 आली तर काहीतरी जड चालतं आहे, आणि तिथे बेल्ट ओढल्याने आजार वाढेल.

जड चालण्याचं सगळ्यात नेहमीचं कारण वंगणाशी जोडलेलं असतं, आणि वंगणाची पहिली गोष्ट म्हणजे तुमचा प्रिंटर कशावर धावतो ते ओळखणं. वर सांगितलेला चाकांचा प्रकार असेल तर तेल अजिबात नको. चाकाच्या आतली बेअरिंग बंदिस्त असते, आणि खाचेत सोडलेलं तेल धूळ आणि प्लास्टिकचा चुरा एकत्र करून काळी लेप तयार करतं. ही लेप चाकावर चिकटते आणि चाक गोल राहत नाही. खाच कोरड्या कापडाने पुसली की काम झालं. बेल्टलाही तेल लागता कामा नये. पुलीखाली काळी रबरी पूड पडलेली दिसली तर तेल देऊ नका, बेल्ट पुलीच्या कडेला घासतो आहे का ते पाहा आणि पुली थोडी सरकवा.

दुसरा प्रकार गुळगुळीत गोल दांड्यांचा. त्यावर छोट्या गोळ्यांच्या नळीसारख्या बेअरिंग सरकतात. दांडा पुसून त्यावर शिलाई मशीनच्या तेलाचा एक थेंब बोटाने पसरवायचा, बेड दोनदा फिरवायचा, टोकाला जमलेलं काळपट तेल पुसायचं. दांड्यावर राखाडी रेघ उमटली असेल आणि ती नखाला लागत असेल, तर बेअरिंगच्या गोळ्यांनी दांडा कोरला आहे. मग तेलाने काही होणार नाही. आणि दांड्यांवर बेअरिंगऐवजी प्लास्टिकचे बुश असतील तर त्यांनाही तेल लागत नाही.

तिसरा प्रकार आता वाढतो आहे: चौकोनी पोलादी रेल आणि तिच्यावर धावणारा छोटा ठोकळा, ज्याला कॅरेज म्हणतात. कॅरेजच्या आत बारीक गोळ्या साखळीसारख्या फिरत राहतात. रेलच्या दोन्ही बाजूंना एक-एक लांब खाच असते आणि गोळ्या त्याच खाचेतून धावतात. वंगण लागतं ते त्या खाचेला. रेलच्या वरच्या सपाट भागावर ग्रीस चोपडलेलं मी पुष्कळ ठिकाणी पाहतो. तिथे ते फक्त धूळ गोळा करतं. नव्या रेलवर जो तेलकट थर असतो तो बहुधा गंजापासून वाचवण्यासाठी दिलेला असतो. त्यालाच वंगण समजून वर्षभर चालवलेल्या रेल कोरड्या खरखरीत होतात.

पद्धत अशी. आधी छपाईची पत्र्याची प्लेट काढून बाजूला ठेवायची, कारण तिच्यावर ग्रीसचं एक बोट लागलं तर पुढची छपाई चिकटणार नाही. धागे न सुटणाऱ्या कापडावर, चष्मा पुसायचं जुनं कापड चांगलं, थोडं आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन दोन्ही खाचा पुसायच्या. पहिल्यांदा कापड काळं निघेल. ते पांढरं निघेपर्यंत पुसायचं. मग लिथियम ग्रीसचा तांदळाच्या दाण्याएवढा भाग बोटावर घेऊन दोन्ही खाचांत पातळ पसरवायचा आणि कॅरेज हळूहळू टोकापासून टोकापर्यंत फिरवायची. पहिल्या फेरीत ती जराशी अडखळेल, पाचव्या-सहाव्यात मऊ होईल. टोकांना जी कड जमा होते ती पुसून टाकायची. रेलवर ग्रीसची चमक दिसावी, ढीग दिसू नये. आणि कॅरेज रेलवरून बाहेर ओढायची नाही. स्वस्त रेलमध्ये गोळ्या अडवायला काही नसतं, त्या टेबलावर सांडतात आणि मग अर्धी संध्याकाळ चिमट्याने वेचण्यात जाते.

काय वापरू नये तेही सांगायला हवं. गंजलेले बोल्ट सोडवायला मिळतो तो पातळ स्प्रे इथे मारू नये. तो आतलं ग्रीस विरघळवतो, पातळ थर देतो, आणि थोड्या दिवसांत रेल आधीपेक्षा कोरडी. खोबरेल तेलाचीही सवय आपल्याकडे आहे, बिजागरीला चालतं म्हणून. खोबरेल सुमारे 24 अंशांखाली गोठतं. नाशिक-पुण्याच्या डिसेंबरातल्या सकाळी तुमच्या रेलमध्ये मेण असेल, आणि हवेने ते पुढे चिकटही होतं. शिलाई मशीनचं तेल आणि लिथियम ग्रीसची एक ट्यूब, दोन्ही मिळून पुष्कळ वर्षं पुरतात.

Z चा उभा आटेदार दांडा राहिला. एका फेऱ्याला तो साधारण 8 मिलिमीटर चढतो आणि आठवड्यातून एकदा छापणाऱ्याकडे वर्षभरात फार थोडा फिरतो. जुन्या दात घासायच्या ब्रशने आटे साफ करून पितळी नटाच्या वर थोडं ग्रीस लावलं की झालं. पातळ तेल इथे नको. ते दांड्यावरून खाली उतरून मोटरच्या कपलिंगमध्ये शिरलं तर दांडा कपलिंगमध्ये घसरू लागतो आणि थरांची उंची बिघडते.

आता प्रश्न किती वेळाने हे करायचं. रेल बनवणाऱ्या कंपन्या सहसा 100 किलोमीटरच्या आसपासच्या प्रवासानंतर पुन्हा ग्रीस भरायला सांगतात. हिशेब करून पाहू. आठवड्याला पाच तास छपाई, सरासरी वेग सेकंदाला 60 मिलिमीटर धरला, तर 18000 सेकंदांत 1080 मीटर होतात. वर्षाला 56 किलोमीटर. म्हणजे धावण्याच्या हिशेबाने तुम्हाला पावणेदोन वर्षं काहीच करायला नको. पण आठवड्याचे उरलेले 163 तास प्रिंटर नुसता उभा असतो, त्यावर धूळ बसते, हातांच्या घामाचे ठसे पोलादावर राहतात, आणि कोकणात किंवा मुंबईत जून ते सप्टेंबर हवेतलं पाणी सतत त्या पोलादावर असतं. म्हणून इथे किलोमीटर मोजू नयेत, ऋतू मोजावेत. पावसाळ्याच्या तोंडावर, मे महिन्याच्या शेवटी, एकदा रेल पुसून नवं ग्रीस. दिवाळीनंतर, हवा कोरडी झाल्यावर, पुन्हा एकदा. गोल दांड्यांना पावसाळ्यात महिन्यातून एकदा तेलाचा थेंब, गंज येऊ नये म्हणून. प्रिंटर झाकायला प्लास्टिकऐवजी जुनी सुती चादर घ्यावी. धूळ अडते आणि आतली ओल कोंडून राहत नाही.

दर आठवड्याला, छपाई सुरू करण्याआधी, पाच मिनिटांचं काम पुरतं. चादर काढायची, खाचा आणि रेल कोरड्या कापडाने पुसायच्या, वीज बंद असतानाच बेड आणि नॉझलचा ठोकळा हाताने हळू एकदा टोकापासून टोकापर्यंत फिरवायचा. हाताला काही वेगळं लागलं तर तिथेच थांबून शोधायचं. बेल्टवर नजर टाकायची: कडा विसकटल्या आहेत का, एखादा दाता उडाला आहे का, खाली काळी पूड आहे का. पुलीवरची पांढरी रेघ सलग आहे का. बस्स. बेल्टचा ताण दर आठवड्याला छेडत बसू नये, आणि घुंडीला तर हातच लावू नये.

महिन्यातून एकदा चाकं बोटाने फिरवून पाहायची आणि बेल्टचा सूर मोजून वहीत लिहायचा, तारीख, कुठला अक्ष, मोकळी लांबी आणि हर्ट्झ. लांबी लिहिल्याशिवाय हर्ट्झचा काही उपयोग नाही, आणि मापायची जागा दर वेळी तीच हवी, म्हणून बेडच्या चौकटीवर आणि खालच्या पट्टीवर मार्करने जुळणारी खूण करून ठेवावी. नवा बेल्ट पहिल्या काही आठवड्यांत थोडा सैलावतो, मग स्थिर होतो. आकडा हव्या असलेल्याच्या दहा टक्के खाली गेला की ताण सुमारे एक-पंचमांश उतरलेला असतो. तेव्हा तो पुन्हा लावावा, आणि प्रिंटरमध्ये कंपन मोजून दुरुस्त करणारी सोय असेल तर ती चाचणी नव्याने चालवून घ्यावी. दर महिन्याला आकडा उतरतच राहिला तर बेल्टला दोष देण्याआधी त्याची टोकं तपासा. बेडखालच्या क्लॅम्पमधून बेल्ट दात्यादात्याने निसटत असतो, किंवा तणावाच्या कंसाचा स्क्रू सुटत असतो. दोन्ही ठिकाणी बेल्टच्या पाठीवर क्लॅम्पच्या कडेला लागून पेनाने रेघ मारून ठेवली, तर पुढच्या महिन्यात कोण सरकलं ते समोर दिसतं.

त्या शाळेच्या वहीत आता जूनपासूनचे आकडे आहेत. Y: 200 मिलिमीटर, 82. जुलैत 80. ऑगस्टमध्ये 80. सप्टेंबरमध्ये मुलांनी X च्या रकान्यात 150 लांबीला 78 लिहिलं आणि शेजारी प्रश्नचिन्ह काढलं. 78 म्हणजे 110 च्या तुलनेत बरोबर अर्धा ताण. त्यांनी आधी X ची चाकं फिरवून पाहिली, मग पुलीवरची रेघ, मग क्लॅम्प. क्लॅम्पजवळची पेनाची रेघ एका दात्याएवढी, 2 मिलिमीटर, पुढे सरकलेली होती. बेल्ट पुन्हा नीट बसवून आवळल्यावर घुंडीचे दोन वळसे पुरले.